अवकलज : अंतराचा तक्ता आणि स्पीडोमीटर

एक राशी दुसरीच्या तुलनेत ज्या दराने बदलते, तो एका नेमक्या बिंदूपाशी घेतलेला दर म्हणजे अवकलज. बारावीतून आलेल्या विद्यार्थ्याला xⁿ चे अवकलज तोंडपाठ असते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे त्याला सांगता येतेच असे नाही. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षी, नियमांना हात घालण्यापूर्वी, गाडीने कापलेल्या अंतराचा तक्ता फळ्यावर मांडून सुरुवात करता येते.

सिग्नलला थांबलेली गाडी हिरवा दिवा लागताच सुटली आणि पुढील नोंदी मिळाल्या असे धरू.

| वेळ (सेकंद) | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| अंतर (मीटर) | ० | १ | ४ | ९ | १६ | २५ | ३६ |

प्रश्न असा : पाच सेकंद पूर्ण होताच स्पीडोमीटरचा काटा कुठे असेल? वर्गातून पहिले उत्तर बहुधा २५ भागिले ५, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किलोमीटर असे येते. ही सुटल्यापासूनची सरासरी झाली. सुरुवातीचे रेंगाळणे तिच्यात मिसळलेले आहे आणि काट्याला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. तेव्हा पाचच्या आसपासच पाहायला हवे. चार ते पाच या सेकंदात गाडी ९ मीटर गेली, पाच ते सहा या सेकंदात ११ मीटर. गाडीचा वेग सारखा वाढतो आहे, त्यामुळे काटा या दोन सरासऱ्यांच्या मध्ये, म्हणजे ताशी ३२.४ आणि ३९.६ किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी असणार. अनेकदा फक्त पुढचीच बाजू घेऊन शिकवले जाते. दोन्ही बाजूंनी कोंडी केली की उत्तर कुठे दडले आहे हे विद्यार्थ्याला स्वतःच दिसते.

कोंडी आवळायची तर सेकंदांमधल्या नोंदी लागतात. तक्त्यातील अंतर वेळेच्या वर्गाइतके आहे. मधल्या क्षणीही तसेच असेल असे मानले, तर ४.९ सेकंदाला २४.०१ आणि ५.१ सेकंदाला २६.०१ मीटर मिळतात. सरासऱ्या होतात ९.९ आणि १०.१. शतांश सेकंद घेतला तर ९.९९ आणि १०.०१. पाचपासूनच्या वेळेच्या फरकाला h म्हटले, तर हे सगळे आकडे एकाच ओळीत येतात :

((५ + h)² − २५) / h = १० + h

येथे h थेट शून्य ठेवला तर डाव्या बाजूला शून्य भागिले शून्य उरते आणि पुष्कळ जण इथेच अडखळतात. भागाकार होतो तेव्हा h शून्य नाही. भागाकार उरकल्यावर विचारायचे ते इतकेच, की h लहान होत गेला तर १० + h कोणत्या संख्येकडे सरकते? ती संख्या १०, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. हाच त्या क्षणीचा अवकलज.

मात्र h जितका लहान तितके उत्तर चांगले, ही समजूत प्रत्यक्ष मोजमापाला लागू होत नाही. अंतर पूर्ण मीटरमध्येच नोंदले जात असेल, तर ५.०१ सेकंदाला २५.१००१ ऐवजी २५ लिहिले जाईल आणि चालती गाडी थांबलेली ठरेल. ५.०५ सेकंदाला २५.५०२५ चे २६ होतील, म्हणजे ०.०५ सेकंदात १ मीटर, ताशी ७२ किलोमीटर! वेळ चिमुकली झाली की पूर्णांकनाची चूक फुगते. अशा तक्त्यात चार ते सहा सेकंदांमधला फरक घ्यावा : २० मीटर भागिले २ सेकंद, म्हणजे १०. वेग एकसमान वाढत असल्याने येथे हे उत्तर अचूक आले, एरवी ते अंदाजे असते.

काटाही तक्ता वाचून हलत नाही. ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत केबलमुळे चुंबक फिरतो, तो ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढ लावतो आणि स्प्रिंग तिला रोखून धरते. फिरण्याचा दर वाढला की काटा पुढे जातो. अंतर कुठे मोजलेच जात नाही. आजच्या गाड्यांत संवेदकाकडून येणाऱ्या स्पंदांवरून वेग काढतात, म्हणजे तीही अतिशय छोट्या कालावधीची सरासरीच. शिवाय स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये अशी संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीची अट असल्याने काटा सहसा थोडा चढा असतो. वर्गातला स्पीडोमीटर आदर्श मानायचा तो यासाठी.

पाचच्या जागी कोणताही क्षण t घेतला तर तीच आकडेमोड २t + h देते आणि उत्तर २t येते. तक्त्याखाली आता ०, २, ४, ६, ८, १०, १२ अशी वेगाची नवी ओळ लिहिता येते. एका क्षणाचा आकडा शोधता शोधता एक नवे फलन हाती आले. त्या ओळीची जुळणी शेजारच्या अंतरांच्या फरकांशी, म्हणजे १, ३, ५, ७, ९, ११ यांच्याशी करून पाहायला सांगावे : प्रत्येक फरक आपल्या दोन्ही बाजूंच्या वेगांच्या बरोबर मध्ये बसतो.

ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. गाडी मागे घेतली तर सिग्नलपासूनचे अंतर घटते आणि अवकलज ऋण होतो, पण स्पीडोमीटरवर ऋण आकडे नसतात. काटा वेगाचे फक्त परिमाण दाखवतो, दिशा तक्त्यातूनच कळते.