दाब तेवढाच, हवा जास्त: इंटरकूलरचे काम

इंजिनाची ताकद शेवटी एका गोष्टीवर अवलंबून असते: प्रत्येक फेऱ्यात सिलिंडरमध्ये किती ऑक्सिजन शिरतो. इंधन वाढवणे सोपे आहे, पण ते जाळायला पुरेशी हवा नसेल तर जास्तीचे इंधन वाया जाते. टर्बोचार्जर ही अडचण दूर करतो. एक्झॉस्टच्या झोताने त्याचे एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनाकडे पाठवते. मात्र दाबल्यावर हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ असते. म्हणजे टर्बोने जे कमावले, त्यातला काही भाग उष्णता परत काढून घेते. ही तापलेली हवा इंजिनात शिरण्याआधी थंड करण्याचे काम इंटरकूलर करतो.

हे किती होते, ते दीड लिटरच्या एका पेट्रोल इंजिनावरून पाहू. बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सियस आहे आणि टर्बो हवेचा दाब दुप्पट करतो असे धरू. दाब देण्याची क्रिया अगदी आदर्श असती, तरीही हवा सुमारे ९६ अंशांपर्यंत तापली असती. प्रत्यक्षात टर्बोची पाती हवा घुसळतात आणि त्यात वाया जाणारी ऊर्जाही उष्णता होऊन हवेतच राहते, त्यामुळे हवा साधारण १२५ अंशांवर बाहेर पडते. दाब दुप्पट झाला, पण घनता मात्र दीडपटीच्या जेमतेम पुढे गेली.

ही हवा आता इंटरकूलरमध्ये शिरते. तो दिसायला रेडिएटरसारखाच असतो आणि बहुतेक गाड्यांत समोरच्या जाळीमागे बसवलेला असतो. आतल्या ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांतून दाबलेली हवा जाते, तर नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांच्या झालरीतून समोरचा वारा वाहतो. या दोन हवा एकमेकींत कधीच मिसळत नाहीत. फक्त उष्णता धातूतून पलीकडे जाते. चांगला इंटरकूलर आपल्या उदाहरणातली हवा सुमारे ५० अंशांपर्यंत उतरवतो.

इथे एक शंका हमखास येते: हवा थंड झाली की तिचा दाबही उतरणार नाही का? बंद डब्यात तो उतरला असता. पण इथे मागून टर्बो सतत हवा लोटत असतो, त्यामुळे हवा आक्रसते आणि मोकळी झालेली जागा नवी हवा भरून काढते. दाब थोडा घटतो, पण तो प्रामुख्याने अरुंद नळ्यांतल्या घर्षणामुळे. बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दहाव्या भागाएवढा दाब असा वाया गेला असे मानले, तरी घनता बाहेरच्या हवेच्या जवळपास पावणेदोनपट होते, म्हणजे इंटरकूलर नसतानाच्या तुलनेत सुमारे १७ टक्के जास्त. म्हणूनच फक्त दाबाचा आकडा पाहून इंजिनात किती हवा गेली हे कळत नाही.

मिनिटाला ३००० फेरे घेताना हे इंजिन दर मिनिटाला अशी साडेचार किलोच्या आसपास हवा ओढते. तिला ७५ अंशांनी थंड करताना इंटरकूलर जवळपास साडेपाच ते सहा किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. घरातले तीन मोठे गीझर एकाच वेळी चालू असावेत, तेवढी.

पेट्रोल इंजिनात याहूनही मोठा लाभ पुढे आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन हीच हवा पुन्हा दाबतो, आणि तिथे सुरुवातीचे तापमान (केल्विनमध्ये) ठरावीक पटीने वाढते. पिस्टन हवेचे आकारमान दहाव्या भागावर आणत असेल, तर ही पट सव्वादोनच्या आसपास असते, त्यामुळे आत शिरताना असलेला ७५ अंशांचा फरक ठिणगी पडण्याच्या वेळी साधारण १६५ अंशांवर गेलेला असतो. गरम मिश्रणाचा न जळलेला भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटतो, इंजिन ठोकते, आणि ते टाळण्यासाठी नियंत्रक ठिणगी उशिरा पाडतो. मग हवा पुरेशी असूनही ताकद कमी मिळते. माझ्या मते इंटरकूलरचे खरे मोल या दुसऱ्या लाभात जास्त आहे, पण त्याची चर्चा फार कमी होते.

त्याला मर्यादाही आहेत. हवेने थंड होणारा इंटरकूलर बाहेरच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. वाहतूक कोंडीत वारा नसल्याने आणि शेजारच्या रेडिएटरच्या उष्णतेने तो स्वतःच तापून बसतो, आणि अशा वेळी अचानक वेग घेतला तर पहिले काही क्षण गाडी जड वाटते.

बिघाड बहुधा इंटरकूलरपेक्षा त्याला जोडलेल्या रबरी होजमध्ये होतो. क्लिप सैल होते किंवा होजला बारीक चीर जाते, आणि ती दाब चढल्यावरच उघडते. म्हणून उभ्या गाडीत काहीच सापडत नाही. चढावर जोर लावताना फुसफुस किंवा शिट्टीसारखा आवाज, घटलेली ओढ आणि डिझेल गाडीत काळा धूर ही याची लक्षणे आहेत. होजच्या आत तेलाचा पातळ थर दिसला, तर तेवढ्यावरून घाबरायचे कारण नाही. पण चिरेच्या बाहेरच्या बाजूला तेल आणि धूळ चिकटून काळा डाग पडला असेल, तर हवा तिथूनच निसटते आहे असे बहुतेक वेळा समजावे.