कापूर व निलगिरी तेलाची वाफ (लहान मुलांच्या सर्दीत)

सर्दीने नाक चोंदलेल्या मुलाला गरम पाण्यात कापराची वडी किंवा निलगिरी तेलाचे थेंब टाकून वाफारा देण्याची घरगुती पद्धत. ठाणे व नवी मुंबईच्या दमट हवेत पावसाळाभर मुलांची नाके वाहत असतात, आणि ही दोन्ही द्रव्ये घरात आधीपासूनच असतात : कापूर देव्हाऱ्यात, निलगिरी तेलाची लहान बाटली औषधांच्या डब्यात. वाफ कशी देतात हे सर्वांना ठाऊक आहे. येथे मुख्यतः ही द्रव्ये चुकून मुलाच्या पोटात गेल्यास काय होते आणि त्यांच्यावाचून नाक कसे मोकळे करता येते, याचा विचार केला आहे.

कापराच्या मुळाविषयी मतभेद आहेत, आणि त्यांचा आजच्या एका घातक समजुतीशी संबंध आहे. सोळाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा भावप्रकाश हा ग्रंथ कापराचे पक्व व अपक्व असे दोन प्रकार सांगतो आणि अपक्व कापूर अधिक गुणकारी मानतो. काही अभ्यासकांच्या मते अपक्व म्हणजे सुमात्रा व बोर्निओ बेटांवरील ड्रायोबॅलॅनॉप्स वृक्षाच्या गाभ्यात आपोआप साठणारे स्फटिक, तर पक्व म्हणजे चीन-जपानकडील सिनॅमोमम कॅम्फोरा या झाडाचे लाकूड उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवलेला कापूर. हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो, कारण पहिल्या द्रव्यात मुख्यत्वे बोर्निऑल व दुसऱ्यात कॅम्फर असते आणि ही दोन रसायने खरोखरच भिन्न आहेत. भीमसेनी हे नाव मूळ पहिल्या प्रकारास असावे. आज मात्र भीमसेनी म्हणून विकले जाणारे पारदर्शक खडे पुष्कळदा कॅम्फरचेच असतात आणि पूजेच्या वड्या सामान्यतः टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेल्या कॅम्फरच्या असतात. म्हणून ‘भीमसेनी कापूर खाण्याचा असतो, तो बाधत नाही’ या समजुतीला आजच्या बाजारात आधार उरलेला नाही. ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या पूजासाहित्याच्या दुकानातून आणलेल्या पुडीत काय आहे, हे ग्राहकाला नुसत्या वासावरून ओळखता येत नाही.

कापूर, मेंथॉल व निलगिरी यांचा वास घेतल्यावर नाक उघडल्यासारखे वाटते, कारण ही द्रव्ये नाकातील थंडावा जाणवणारे चेतातंतू उद्दीपित करतात. प्रौढांवर केलेल्या आणि 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या तिन्हींच्या वाफेने नाकातील हवेचा अडथळा मोजण्याजोगा कमी झाला नाही; श्वास मोकळा झाल्याची जाणीव मात्र वाढली. तान्ह्या बाळांत हाच परिणाम उलटा पडू शकतो. नाकाजवळ कापूर वा मेंथॉल लावल्यास श्वासनलिकेचे तोंड आवळले जाण्याचा, क्वचित श्वास थांबण्याचा धोका असतो. यामुळे दोन वर्षांखालील मुलांना कापूरयुक्त बाम लावू नये आणि कोणत्याही मुलाच्या नाकपुडीत तो घालू नये. बाळाच्या गळ्यात ओवा व कापराची पुरचुंडी बांधणेही याच कारणाने टाळावे. शिवाय ती सुटली की तिच्यातील खडा थेट बाळाच्या तोंडात जातो.

बहुतेक अपघात वाफेने नव्हे, तर वाफेच्या तयारीत घडतात. वाटीत काढून ठेवलेली वडी खडीसाखरेसारखी दिसते, वाफेच्या पाण्यात फोडायची कॅप्सूल गोळी म्हणून गिळली जाते आणि निलगिरी तेलाची बाटली खोकल्याच्या औषधाची समजून तिच्यातले चमचाभर तेल मुलाला पाजले जाते. हे शेवटचे रात्रीच्या घाईत मोठ्यांच्याच हातून होते.

किती कापूर घातक, याचा हिशेब वजनावर चालतो. दर किलो वजनामागे 30 मिलिग्रॅमहून अधिक कापूर पोटात गेल्यास, लक्षणे नसली तरी, मुलाला रुग्णालयात न्यावे असा विषशास्त्रज्ञांचा संकेत आहे. दीड वर्षाचे, 10 किलो वजनाचे मूल घेतले, तर ही मर्यादा 300 मिलिग्रॅमवर येते. वडी 1 ग्रॅमची असेल तर तिचा तिसरा हिस्साही मर्यादा ओलांडतो आणि अख्ख्या वडीने किलोमागे 100 मिलिग्रॅम कापूर पोटात जातो. सुमारे 1 ग्रॅम कापराने लहान मूल दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. कापूर फार लवकर शोषला जातो. तोंडाला कापराचा वास, तोंडात जळजळ व उलटी ही प्रारंभीची चिन्हे असतात. परंतु काही मुलांना कोणतीही पूर्वसूचना न मिळता, गिळल्यापासून पाच मिनिटे ते दीड तासाच्या आत थेट झटके येतात. म्हणून ‘खेळते आहे, थोडी वाट पाहू’ असा विचार घरी करू नये.

निलगिरी तेलाच्या मात्रेविषयी एकमत नाही. 1990 नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात झालेल्या दोन पाहण्यांपैकी एकीत बहुसंख्य मुलांना काहीच झाले नव्हते, तर दुसरीत निम्म्याहून अधिक मुलांत लक्षणे आढळली. पोटात गेलेले प्रमाण बहुधा पालकांच्या अंदाजावर ठरत असल्याने सावध मत स्वीकारणे बरे : एक चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर, शुद्ध तेल लहान मुलास गंभीर ठरू शकते. येथे झटक्यांपेक्षा गुंगी, तोल जाणे व बेशुद्धी अधिक दिसते. तेल फुप्फुसात उतरल्यास त्यांना सूज येते. गिळल्यानंतर सुरू झालेला खोकला वा घरघर हे त्याचे चिन्ह असते.

अशा वेळी उलटी करवू नये, कारण उलटीत झटका आला किंवा तेल श्वासात गेले तर इजा वाढते. दूध वा तूपही देऊ नये. तोंडातला उरलेला खडा बोटाने काढावा, तोंड पुसावे आणि पुडी किंवा बाटली बरोबर घेऊन निघावे. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा कांदा घालू नये. 108 वर रुग्णवाहिका मिळते; दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 असा आहे. कापरावर उतारा नाही; रुग्णालयात झटके थांबवणारी औषधे व श्वासाला आधार दिला जातो.

गिळलेली पांढरी वडी कापराची की डांबराची, असा प्रश्न कधीकधी पडतो. उरलेला तुकडा साध्या पाण्यात टाकला तर कापूर तरंगतो आणि डांबरगोळीतले नॅप्थलिन बुडते. हा फरक डॉक्टरांना उपयोगी पडतो, कारण नॅप्थलिनने काही मुलांत दोन-तीन दिवसांनी तांबड्या पेशी फुटतात. मात्र ही परीक्षा करण्यासाठी घरी थांबू नये.

चोंदलेल्या नाकावर कमी धोक्याचा उपाय म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे थेंब. बाळाला पाठीवर निजवून प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब टाकावेत, मिनिटभर थांबावे आणि सैल झालेला शेंबूड रबरी फुग्याने हलकेच ओढावा. हे दूध पाजण्याआधी करावे, कारण तान्ही बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात आणि नाक बंद असल्यास स्तन सोडून रडतात. वर्षावरील मुलाला रात्रीच्या खोकल्यासाठी झोपताना अर्धा चमचा मध देता येतो. वर्षाखाली मध देऊ नये. सर्दीच्या औषधांतील क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिली आहे. नुसत्या पाण्याच्या वाफेचाही ठोस फायदा सिद्ध झालेला नाही, आणि उकळत्या पाण्याचे पातेले लवंडून भाजण्याचा धोका मात्र कायम राहतो.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली 60, वर्षाखाली 50 आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरल्यास, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असल्यास किंवा मूल दूध पिईनासे झाल्यास ती साधी सर्दी नसते आणि मुलाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे लागते.