०.९ चा उंबरठा आणि सुटलेले चेहरे

केंब्रिजमधल्या नदीकाठी चरणाऱ्या एका गाईचा चेहरा २०१६ साली गूगल स्ट्रीट व्ह्यूवर धूसर झालेला सापडला आणि त्यावर जगभर हसून झालं. खरं तर ही चूक चांगल्या बाजूची आहे. गाय धूसर झाली तर कोणाचंच बिघडत नाही, पण माणूस सुटला तर बिघडतं. चेहरे आपोआप झाकणारी यंत्रणा लावताना हाच फरक आकड्यांत उतरवायचा असतो.

चेहरा शोधणारं मॉडेल फोटोत चौकटी आखतं आणि प्रत्येक चौकटीला ० ते १ मधला एक गुण देतं. उंबरठ्याच्या वरचे गुण मिळालेल्या चौकटी ठेवायच्या, बाकीच्या टाकायच्या. हा गुण म्हणजे शक्यता नव्हे. ०.६ गुणांच्या शंभर चौकटींत साठ खरे चेहरे असतीलच असं नाही, म्हणून योग्य आकडा आपल्याच फोटोंवर मोजून काढावा लागतो. ओपनसीव्हीमधल्या युनेट मॉडेलचा मूळ उंबरठा ०.९ आहे. खोट्या चौकटी नकोत अशा कामाला तो ठीक, झाकण्याच्या कामाला फारच कडक.

चाचणीसाठी प्रसिद्ध करायचे आहेत तसलेच शे-दीडशे फोटो घ्या आणि त्यातले ओळखू येतील असे चेहरे हाताने चौकटी आखून नोंदवा. मग मॉडेल एकदाच, अगदी खालच्या उंबरठ्यावर चालवा आणि सगळे गुण साठवा:

```python
h, w = img.shape[:2]
det = cv2.FaceDetectorYN.create(
    "face_detection_yunet_2023mar.onnx", "",
    (w, h), score_threshold=0.05)
_, faces = det.detect(img)  # एकही नसेल तर None
```

faces मधल्या प्रत्येक ओळीतला शेवटचा आकडा म्हणजे गुण. पुढचे सगळे उंबरठे या साठवलेल्या यादीवरच तपासता येतात, मॉडेल पुन्हा चालवावं लागत नाही.

समजा नोंदवलेले चेहरे ४०० आहेत. ०.९ वर ३१२ सापडले आणि खोट्या चौकटी ३ आल्या. ०.६ वर ३७२ आणि १९, ०.३ वर ३९१ आणि ८८, तर ०.१ वर ३९४ आणि ६१०. हे आकडे कल्पित आहेत, पण चढण साधारण अशीच असते. ०.६ वरून ०.३ वर उतरताना १९ माणसं वाचली आणि ६९ खिडक्या, झाडांचे बुंधे, शर्टावरची चित्रं विनाकारण धूसर झाली. सौदा फायद्याचा आहे. त्याखाली मात्र तीन चेहऱ्यांसाठी पाचशेहून अधिक डाग पडतात, फोटोच बघवत नाही. इथे ०.३ वर थांबावं आणि ०.१ ते ०.३ मधल्या चौकटी माणसाने नजरेखालून घालाव्यात.

उरलेले सहा चेहरे ०.१ वरही सापडले नाहीत. ते उघडून बघा, कारण उंबरठा आणखी खाली नेऊन सहसा काही होत नाही, मॉडेलला ते दिसलेलेच नसतात. युनेट साधारण १० ते ३०० पिक्सेल रुंदीच्या चेहऱ्यांवर शिकवलेलं आहे. त्यामुळे बारा मेगापिक्सेलच्या फोटोत अगदी समोर उभा असलेला, ९०० पिक्सेल रुंदीचा चेहराच सुटू शकतो. अशा वेळी तोच फोटो पूर्ण आकारात आणि पाव आकारात असा दोनदा तपासायचा आणि दोन्हीकडच्या चौकटी एकत्र करायच्या. अर्थात एका बाजूने दिसणारे किंवा हेल्मेटमधले चेहरे एवढ्यानेही सापडतीलच असं नाही.

नंबरप्लेटसाठी वेगळं मॉडेल लागतं आणि उंबरठाही वेगळा मोजावा लागतो. प्लेट आयताकृती, ठरावीक अक्षरांची असल्याने ती शोधणं तुलनेने सोपं. गूगलच्या अभियंत्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ८९ टक्क्यांहून जास्त चेहरे आणि ९४ ते ९६ टक्के प्लेट पुरेशा धूसर झाल्याची नोंद आहे.

सापडलेली चौकट नीट झाकली गेली नाही तर ही सगळी मोजणी वाया जाते. चौकट चारही बाजूंनी वीसेक टक्के वाढवा, नाहीतर हनुवटी आणि कान बाहेर राहतात. धूसरपणाही चौकटीच्या आकाराच्या प्रमाणात ठेवा. ४० पिक्सेलचा चेहरा बऱ्यापैकी पुसट करणारं ९ पिक्सेलचं कर्नल ४०० पिक्सेलच्या चेहऱ्यावर फक्त त्वचा गुळगुळीत करतं. प्लेटवर तर सरळ एकरंगी पट्टी भरा. तिथली अक्षरं मोजकी आणि ठरावीक वळणाची असतात, त्यामुळे एकेक क्रमांक तसाच धूसर करून ताडून पाहिला की मूळ क्रमांक हुडकता येतो.

शेवटी फाइल नव्याने साठवताना एक्झिफ माहिती काढून टाका. काही कॅमेरे त्यातच मूळ फोटोची छोटी प्रत ठेवतात. मोठ्या फोटोत चेहरा झाकलेला आणि त्या छोट्या प्रतीत उघडा, असं होऊ शकतं.