मरेक्सची लस पहिल्याच दिवशी का?

(आमच्या हॅचरीतून गावरान, कडकनाथ आणि अंड्यांच्या जातीची पिल्लं नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

बिलावर मरेक्सच्या लसीची ओळ दिसली की बरेच जण म्हणतात, "ही आत्ता राहू द्या, लासोटा आणि गंबोरो देतो तेव्हा शेडवर हीपण देऊ." मागणी चुकीच्या हेतूनं केलेली नसते. लासोटा पाचव्या ते सातव्या दिवशी देता येते, गंबोरोची लस दोन आठवड्यांच्या आसपास पाण्यातूनही देता येते. मरेक्सच्या लसीला मात्र तशी सवलत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर चोवीस तासांच्या आत ती टोचावी लागते. नंतर दिलेली लस बहुतेक वेळा वाया जाते.

कारण समजण्यासाठी आधी विषाणू येतो कुठून ते बघू. मरेक्स हा नागीण गटातल्या विषाणूचा आजार आहे; त्यात पक्षी लुळा पडतो आणि आतल्या अवयवांत गाठी होतात. तो कोंबडीकडून अंड्यात उतरत नाही, म्हणजे पिल्लू जन्मतं ते या विषाणूपासून मुक्त. बाधा झालेल्या कोंबडीच्या पिसांच्या मुळांशी हा विषाणू तयार होतो आणि कातडीच्या कोंड्याबरोबर बाहेर पडतो. तो कोंडा तुसात मिसळतो, जाळीवर, पंख्यावर, पडद्यांच्या घड्यांत बसतो आणि कोरड्या धुळीत महिनोन् महिने जिवंत राहतो. वरून अगदी निरोगी दिसणारी मोठी कोंबडीसुद्धा तो आयुष्यभर सोडत राहू शकते. त्यामुळे जिथे आधी कोंबड्या पाळल्या आहेत, त्या शेडमध्ये मरेक्स आहे असं धरूनच चालावं. पिल्लू तिथे पोचलं की श्वासावाटे त्याची बाधा सुरू होते.

पहिल्या पंधरा दिवसांत काय घडतं

समजा, सोमवारी निघालेली २०० कडकनाथ पिल्लं तुम्ही लस न टोचता नेली आणि जुन्या तुसावरच नवा थर टाकून सोडली. मंगळवारी धूळ फुप्फुसात गेली. तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत विषाणू प्लीहा, थायमस आणि गुदद्वारावरच्या बर्सा या पिशवीत वाढतो. रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात त्याच या जागा. आठवडाभरानं तो पांढऱ्या पेशींच्या आत दडून बसतो आणि तिथून पुन्हा निघत नाही. दोन आठवडे होता होता तो पिसांच्या मुळांपर्यंत पोचतो आणि पिल्लू स्वतःच विषाणू सोडू लागतं. या सगळ्या काळात पिल्लं खातात, पितात, वाढतात. तुम्हाला काहीच दिसत नाही.

आता चौदाव्या दिवशी लस टोचली तर? विषाणू आधीच पेशींत शिरून बसलेला आहे. लस त्याला बाहेर काढू शकत नाही.

पहिल्या दिवशी टोचलेल्या लसीलाही शरीरात पसरून संरक्षण उभं करायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणजे लस आणि शेडमधला विषाणू यांची शर्यत एकाच दिवशी सुरू होते, आणि लसीला हॅचरीतले काही तास तेवढे आघाडी म्हणून मिळतात. हे तास आम्हाला वाया घालवायचे नसतात. मोठ्या हॅचऱ्यांत तर अठराव्या दिवशी अंड्यातच लस टोचतात, तीही याच कारणासाठी.

शेडवर ही लस का जमत नाही

आम्ही वापरतो ती लस जिवंत पेशींमध्ये असते आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंशांवर ठेवावी लागते. ॲम्प्युल बाहेर काढली की कोमट, सुमारे २७ अंशांच्या पाण्यात मिनिटभरात वितळवून लगेच तिच्याच डायल्युएंटमध्ये मिसळायची. १००० डोसांना २०० मिली, म्हणजे पिल्लामागे ०.२ मिली. ती मानेमागच्या सैल कातडीखाली टोचतात. मिसळल्यापासून तासाभरात संपवायची, मध्ये मध्ये पिशवी हळूच फिरवायची, कारण पेशी तळाशी बसतात आणि शेवटच्या पिल्लांना नुसतं पाणीच जातं. जोरात हलवली तर पेशी फुटतात. उरलेली लस पुन्हा गोठवता येत नाही. पिण्याच्या पाण्यातून ती देता येत नाही. आम्ही पिल्लं ठरावीक वारीच का देतो, त्याचं कारण हेच: एका ॲम्प्युलला पुरतील एवढी पिल्लं एकदम निघाली पाहिजेत.

"ब्रॉयलरवाले तर बऱ्याचदा ही लस देत नाहीत," असंही ऐकायला मिळतं. खरं आहे. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत विकला जातो, गाठी वाढायच्या आत. गावरान आणि कडकनाथ चार-पाच महिने पाळतात, अंड्यांची कोंबडी वर्षाहून जास्त. मरेक्स प्रामुख्यानं दिसतो तो दीड महिन्यापासून अंडी सुरू होईपर्यंतच्या वयात. म्हणून त्यांचा हिशोब तुम्हाला लागू होत नाही, आणि आम्ही ही पिल्लं लस न देता विकत नाही.

लस दिल्यावरही तुमच्याकडे उरणारं काम

ही लस गाठी आणि लुळेपणा रोखते. विषाणूला शरीरात शिरण्यापासून ती थांबवत नाही. म्हणून लस दिलेला जुना लॉटसुद्धा शेडमध्ये विषाणू सोडत असतो, आणि पहिला आठवडा धुळीशिवाय जाणं महत्त्वाचं ठरतं. जुनं तूस पूर्ण काढा, जाळ्या आणि पंख्यांवरची धूळ ओली करून पुसा, शेड धुऊन जंतुनाशक मारा आणि शक्यतो दोन आठवडे रिकामी ठेवा. मोठ्या कोंबड्या शेजारी असतील तर रोज आधी पिल्लांकडे जा, मग त्यांच्याकडे. बाजारातली बिनलसीची पिल्लं आमच्या लॉटमध्ये मिसळू नका. गंबोरोकडेही दुर्लक्ष नको, कारण तो प्रतिकारशक्ती खाली आणतो आणि मग मरेक्सची लस असूनही काही पक्षी जातात.

ओळखायचं कसं

ठळक खूण म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेला पक्षी. भूक असते, पण खाद्यापर्यंत जाता येत नाही, म्हणून वजन उतरत जातं. कुणाचा पंख लोंबतो, कुणाच्या डोळ्याचं बुबुळ राखाडी पडतं आणि बाहुलीची कड वेडीवाकडी होते. काही पक्षी काहीच न दाखवता मरतात आणि उघडल्यावर यकृतात, प्लीहेत किंवा अंडाशयात गाठी सापडतात. शवविच्छेदनात दोन्ही मांड्यांमधल्या जाड नसा शेजारी ठेवून बघायला सांगा. निरोगी नस पांढरी, चमकदार आणि आडव्या रेषांची असते. बाधित नस फुगलेली, पिवळट-राखाडी आणि रेषा पुसलेली दिसते. अनेकदा ती एकाच पायात असते.

दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांची बोटं आत वळली असतील तर ते बहुधा बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता आहे आणि वेळेत दिलं तर सुधारतं. मरेक्सनं लुळा पडलेला पक्षी औषधानं बरा होत नाही, त्यामुळे टॉनिक आणि अँटिबायोटिकवर पैसे घालू नका. असा पक्षी वेगळा काढा. मरतूक दिसली तर ताजा मेलेला पक्षी, बर्फात ठेवून, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. हा आजार माणसाला होत नाही.

बिलावर लसीचा बॅच क्रमांक आणि पिल्लं निघाल्याची तारीख लिहिलेली असते. लॉट विकून होईपर्यंत बिल जपून ठेवा आणि संशय आला तर त्या दोन नोंदी आम्हाला कळवा. त्याच बॅचची पिल्लं नेलेल्या इतर ग्राहकांकडे आम्हाला लगेच चौकशी करता येते.