वयामुळे पाय सपाट झाला, खरंच?

"वय ५२, उजव्या घोट्याच्या आत दुखतं, तळव्याची कमान बसत चाललीय, सगळे म्हणतात वयाचं आहे, मऊ चप्पल घाल."

अहो, नुसत्या वयाने एकाच पायाची कमान खचत नाही. घोट्याच्या आतल्या हाडामागून पोस्टेरियर टिबियल टेंडन, म्हणजे पोटरीतला स्नायू पावलाच्या हाडांना जोडणारा दोर जातो, कमान मुख्यतः तोच उचलून धरतो, तो झिजून सैल पडला की टाच बाहेर झुकते आणि मागून बघितलं तर त्या पायाची बोटं जास्त दिसतात. भिंतीला हात टेकून फक्त उजव्या पायावर उभं राहून टाच उचला, उचलत नसेल किंवा आत दुखत असेल तर संशय पक्का, ऑर्थोपेडिकला दाखवा. मऊ चप्पल आधार देत नाही (दुकानदार काहीही म्हणो), पाय लवचिक असेतो आर्च सपोर्ट, ब्रेस, व्यायामाने बऱ्याचदा भागतं, ताठ झाला की मात्र बहुतेकदा सांधे जोडायचं ऑपरेशनच उरतं.