जलकुंभाचा मनोरा (स्टेजिंग)

उंच जलकुंभाची टाकी ज्या खांबांवर आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळयांवर उभी असते, त्या सांगाड्याला स्टेजिंग म्हणतात व तुळयांना ब्रेस. पोलादी मनोऱ्यात तिरप्या सळया असल्याने वाऱ्याचे बल मुख्यतः ओढ आणि दाब यांतून खाली जाते. काँक्रीटच्या मनोऱ्यात तिरपे भाग बहुधा नसतात. तेथे सर्व भिस्त सांध्यांच्या दृढतेवर असते, म्हणून त्याचे गणित चौकटीचे असते.

उदाहरणार्थ, ६ मी. व्यासाच्या वर्तुळावर १२ मी. उंचीचे ६ खांब आहेत आणि वाऱ्याचे एकूण ६० किलोन्यूटन बल पायापासून १४ मी. उंचीवर लागते, असे मानू. प्रत्येक खांबाच्या वाट्याला १० किलोन्यूटन कातर बल येते. खांब माथ्याशी दृढ जोडलेले नसते व मध्ये ब्रेसही नसते, तर प्रत्येकाच्या पायथ्याशी १२० किलोन्यूटन-मीटर नमन-परिबल आले असते. ४ मी. व ८ मी. उंचीवर ब्रेस घातले की प्रत्येक मजल्यात खांब इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि मजल्याच्या साधारण मध्यावर परिबल शून्य होते. मग खांबाच्या टोकांशी १० × २ = २० एवढेच उरते. सांध्यात वरच्या व खालच्या खांबाचे मिळून ४० होतात आणि ते ब्रेसना पेलावे लागतात. वारा कोणत्याही बाजूने येत असल्याने ब्रेसच्या टोकांशी वर-खाली दोन्हीकडे सळई लागते. ती अपुरी असल्यास पहिल्या भेगा तिथेच, सांध्यालगत, दिसतात.

या सुलभ पद्धतीचे श्रेय सहसा अ‍ॅल्बर्ट स्मिथ (१९१५) यांना दिले जाते. शून्य-परिबलाचा बिंदू मध्यावर धरणे सर्वांत खालच्या मजल्यात मात्र वादग्रस्त आहे. पाया थोडा जरी फिरला तरी तो बिंदू खाली सरकतो. पाया बिजागरीसारखा वागल्यास वरच्या टोकाचे परिबल २० वरून ४० होते. म्हणून मऊ जमिनीवर पायाची लवचिकता हिशेबात घेणे अधिक योग्य ठरते.

वारा मनोऱ्याला उलथवूही पाहतो. खालच्या मजल्याच्या मध्यावर उलथविणारे परिबल ६० × १२ = ७२०; त्यामुळे वाऱ्याकडील टोकाच्या खांबात ८० किलोन्यूटन ओढ व विरुद्ध बाजूच्या खांबात तेवढाच दाब निर्माण होतो. रिकाम्या रचनेचे वजन ५०० व पाण्याचे १,००० किलोन्यूटन धरल्यास भरलेल्या टाकीत दाबाकडील खांबावर २५० + ८० = ३३० येतात. रिकाम्या टाकीत वाऱ्याकडील खांबावर ८३ − ८० = ३ एवढाच दाब राहतो; वारा किंचित वाढला की त्या खांबात ओढ येईल. पाणी येथे स्थैर्य देते, म्हणून दोन्ही स्थिती तपासाव्या लागतात.

भूकंपात हेच पाणी आडवे बल वाढविते. जॉर्ज हाऊसनर यांच्या १९६३ मधील प्रतिमानानुसार त्याचा एक भाग टाकीसोबत हलतो, तर पृष्ठभागालगतचा भाग संथ गतीने हिंदकळतो.