शिल्लक मालाची किंमत खरेदीभावाने का धरतात?

कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ नवं चप्पलांचं दुकान टाकलं आहे असं धरा. वर्षभरात प्रत्येकी ६०० रुपयांनी ४०० जोड घेतले, म्हणजे खरेदी २,४०,००० रुपये. त्यातले ३०० जोड ९०० ने गेले, गल्ल्यात आले २,७०,००० रुपये. ३१ मार्चला फळीवर १०० जोड उरले. खरेदीभावाने त्यांची किंमत ६०,००० रुपये आणि वर्षाचा नफा ९०,००० रुपये होतो. विक्रीभावाने धरले तर तोच नफा १,२०,००० रुपये दिसतो. वरचे ३०,००० ज्या जोडांचे, त्यांना अजून गिऱ्हाईक भेटलेलं नाही, पण कर मात्र त्यांच्यावरही भरावा लागेल. पुढे हंगाम उतरला आणि ते १०० जोड ७०० ने काढावे लागले, तर खरी कमाई १०,००० असूनही वहीत २०,००० तोटा दिसेल, कारण आरंभीचा साठाच ९०,००० चा लिहिलेला असेल.

व्यापाऱ्यांना हे पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. द्विनोंदी पद्धत छापून प्रसिद्ध करणाऱ्या पाचोलीने १४९४ मध्ये मालाची यादी करताना किंमत जरा चढीच लावायला सांगितलं होतं: २० ची वस्तू वाटली तर २४ लिहा. फ्रान्समध्ये १६७३ च्या फर्मानाने व्यापाऱ्यांना ठरावीक काळाने मालाची यादी करणं सक्तीचं झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी व्यापाऱ्यांसाठी पुस्तक लिहिणाऱ्या जाक सावारी याने उलटा सल्ला दिला: माल खराब होऊ लागला, चालीतून गेला किंवा घाऊक बाजारात स्वस्त झाला, तर त्याची किंमत उतरवा.

आपल्याकडे यामागचं कारण सगळ्यात स्पष्ट सांगितलं ते सर्वोच्च न्यायालयाने, १९५३ च्या चैनरूप संपतराम खटल्यात. वाद चांदीच्या लगडींचा होता. हुपरीच्या चांदीवाल्यांनाही तो परका वाटणार नाही. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: शिल्लक माल जमेला लिहितात तो नफा दाखवायला नव्हे. त्याच मालाची खरेदी नावे बाजूला आधीच पडलेली असते, ती तेवढ्याच रकमेने खोडायची असते. दोन्ही नोंदी एकमेकींना खोडल्या की उरते फक्त विकलेल्या मालाची कमाई. माझ्या मते सगळा नियम या एका विचारावर उभा आहे, कारण ६०० ची नोंद ९०० ने खोडली जात नाही.

खरेदीभावात माल दुकानात येईपर्यंतचं भाडं आणि हमाली धरा. विक्रीचा खर्च धरू नका.

सावारीचा सल्ला मात्र आजही लागू आहे. लेखा मानक २ सांगतं की खरेदीभाव आणि विकून हाती पडणारी निव्वळ रक्कम यांत जी कमी, ती लिहा. पावसाळ्यात २० जोडांना बुरशी धरली आणि ते आता ४०० लाच जातील असं दिसलं, तर ते ४०० नेच लिहायचे. ४,००० रुपयांचा तोटा याच वर्षी दाखवायचा, विक्री होईपर्यंत थांबायचं नाही. उरलेले ८० जोड ६०० नेच राहतात.